परिषदेतील स्लाइडच्या फोटोचे मराठी भाषांतर : तुटक मुद्द्यांचा अर्थ हरवू न देता ते कसे करावे

आरोग्य क्षेत्रातील इंग्रजी मजकूर मराठीत आणण्याचे काम करणाऱ्यांकडे असे फोटो नेहमी येतात. परिषदेला गेलेले एखादे डॉक्टर पडद्यावरच्या स्लाइडचा मोबाइलवर फोटो काढतात, तो तालुक्याच्या प्रशिक्षण गटात पोहोचतो आणि तिथून ‘पाचच ओळी आहेत, तेवढ्या मराठीत करून द्या’ या निरोपासह आपल्याकडे येतो. ओळी पाच असतात हे खरे. पण प्रत्येक ओळीत चार-पाचच शब्द असतात आणि त्या शब्दांना जोडणारी वाक्ये फक्त वक्त्याच्या तोंडी होती. फोटोत ती आलेली नसतात. ती परत कशी मिळवावीत आणि मिळाली नाहीत तर काय करावे, हे मी इथे एकच उदाहरण घेऊन क्रमाने सांगत आहे.

उदाहरणासाठी कोविड-१९ वरील डेक्सामेथासोन या औषधाची चाचणी घेऊ. ब्रिटनमधील रुग्णालयांत ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली झालेल्या ‘रिकव्हरी’ चाचणीचे हे निष्कर्ष १६ जून २०२० रोजी जाहीर झाले आणि त्यानंतर जगभरातील सादरीकरणांत वापरले गेले. पुढील स्लाइड मी नमुन्यासाठी रचली आहे. त्यामागचे आकडे मात्र त्या चाचणीचेच आहेत.

```
Dex in COVID-19: RECOVERY
• 6 mg OD × 10 d
• 28-d mortality ↓ (MV > O2)
• No O2 – no benefit, ?harm
• NNT 8 / 25
• Not early!
```

या स्लाइडचे चुकीचे मराठी भाषांतर कोणाच्या हाती पडेल, याचा विचार सुरुवातीलाच करावा. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि त्यामागच्या कारणांमध्ये अनियंत्रित मधुमेहाबरोबरच स्टेरॉइडच्या अतिरेकी वापराचाही उल्लेख झाला. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइडच आहे. त्यामुळे ‘कोणाला द्यावे आणि कोणाला देऊ नये’ हा या स्लाइडचा गाभा आहे, आणि नेमका तोच भाग तुटक शब्दांत अडकला आहे.

काम सुरू करण्यापूर्वी काय मागून घ्यावे

- फोटोची मूळ फाइल. व्हॉट्सॲपवर ती ‘फोटो’ म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे. फोटो म्हणून पाठवल्यास चित्र दाबले जाऊन बारीक अक्षरे पुसट होतात आणि फोटो केव्हा काढला ही फाइलमधली नोंदही निघून जाते.
- त्याच भाषणातील मागच्या-पुढच्या स्लाइडचे फोटो, निदान शीर्षकाची स्लाइड.
- परिषदेची कार्यक्रमपत्रिका आणि उपलब्ध असल्यास भाषणाचा सारांश.
- फोटो काढणाऱ्या व्यक्तीचा फोन क्रमांक आणि वक्त्याचा ई-मेल.
- भाषांतर कोण वाचणार आहे याची एका ओळीत माहिती : डॉक्टर, परिचारिका, आशा कार्यकर्त्या की सामान्य नागरिक.

स्लाइडवर छायाचित्रणास मनाई असल्याची सूचना किंवा ‘अप्रकाशित माहिती’ असा शेरा दिसला, तर वक्त्याची परवानगी मिळेपर्यंत भाषांतर पुढे पाठवू नये.

१. आधी उतरवून काढा, मग भाषांतर करा

फोटोकडे पाहत थेट मराठी लिहायला बसू नये. स्लाइडवरचा मजकूर आहे तसा, आहे त्या भाषेत टंकून घ्यावा. कोणती ओळ कोणत्या ओळीखाली आत सरकवली आहे, कोणता शब्द लाल किंवा ठळक आहे, बाण वर आहे की खाली, हे सगळे त्यात नोंदवावे. रंग आणि जागा हाही मजकुराचाच भाग असतो, कारण वक्त्याने एरवी जे वाक्यात सांगितले असते ते स्लाइडवर बऱ्याचदा रंगाने आणि मांडणीने सांगितलेले असते.

तिरक्या कोनातून घेतलेल्या फोटोत ठरावीक ठिकाणी फसगत होते. ०.६४ आणि ०.८४ एकसारखे दिसतात, दशांश चिन्ह पुसले जाते, आणि आडवी रेघ ही उणे चिन्हाची आहे, ‘पासून-पर्यंत’ची आहे की नुसत्या विरामाची आहे हे कळत नाही. आपल्या नमुन्यात तिसऱ्या मुद्द्यातील रेघ विरामाची आहे. पुढे ‘फायदा नाही’ हा संपूर्ण निष्कर्ष येतो, म्हणून तसे म्हणता येते. केवळ दिसण्यावरून ते ठरवता आले नसते. जे वाचताच येत नाही तिथे चौकटी कंसात ‘वाचता येत नाही’ असे लिहावे. अंदाजाने आकडा भरू नये. अंदाजाने भरलेला आकडा पुढच्या माणसाला खरा आकडाच वाटतो.

२. स्लाइड कशाबद्दल आहे ते शोधून काढा

स्लाइडच्या तळाशी बारीक अक्षरांत संदर्भ असतो आणि फोटोत नेमका तोच भाग समोरच्या प्रेक्षकाच्या डोक्यामागे जातो. शेजारच्या स्लाइडवर तो मिळण्याचा संभव असतो. आपल्या उदाहरणात तो असा दिसला असता :

```
N Engl J Med 2021;384:693-704
```

नियतकालिकाचे नाव, वर्ष, खंड आणि पृष्ठे एवढे हाती आले की मूळ शोधनिबंध मिळतो. संदर्भ नसेल तर औषधाचे नाव, चाचणीचे नाव आणि स्लाइडवरील एखादा वैशिष्ट्यपूर्ण आकडा एकत्र घेऊन शोध घ्यावा. फोटोची वेळ ठाऊक असेल तर ती कार्यक्रमपत्रिकेशी ताडून भाषण आणि वक्ता निश्चित करता येतो.

या टप्प्यावर शीर्षकही नीट वाचावे. ‘रिकव्हरी’ हे इथे चाचणीचे नाव आहे. चाचणीच्या लांब इंग्रजी नावातील अक्षरांपासून ते तयार केले आहे. सगळी अक्षरे मोठ्या लिपीत असणे ही त्याची खूण. ही खूण सुटली तर शीर्षकाचे भाषांतर ‘कोविड-१९ मध्ये डेक्सामेथासोन : रुग्ण बरे होणे’ असे होईल, आणि ते वाचायला इतके सरळ आहे की तपासणाऱ्यालाही शंका येणार नाही.

३. प्रत्येक तुटक मुद्द्याचे पूर्ण वाक्य करा

खरे काम इथे आहे. प्रत्येक मुद्द्याला हे प्रश्न विचारावेत : कोणाबद्दल, कशाच्या तुलनेत, किती आणि केव्हा. इंग्रजीत दोन नामे शेजारी ठेवून त्यांचे नाते न सांगताही काम भागते. मराठीत विभक्ती प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लावल्याशिवाय मुद्दा उभा राहत नाही, आणि प्रत्यय लावला की आपण एक अर्थ निवडलेला असतो. म्हणून निवड जाणीवपूर्वक करावी आणि तिचा आधार शोधनिबंधात पाहावा.

पहिला मुद्दा, मात्रा. `OD` म्हणजे भारतीय डॉक्टरांच्या लिहिण्यात ‘दिवसातून एकदा’. मात्र नेत्ररोगाच्या कागदांत तेच ‘उजवा डोळा’ असते आणि विषबाधेच्या संदर्भात ‘अतिमात्रा’. इथे मिलिग्रॅम आणि दिवस सोबत असल्याने पहिलाच अर्थ लागतो. पुढचे ‘गुणिले १० दिवस’ अधिक फसवे आहे. चाचणीत औषध जास्तीत जास्त १० दिवस, किंवा रुग्णाला त्याआधी घरी सोडल्यास सोडेपर्यंत, दिले होते. स्लाइडवर ‘जास्तीत जास्त’ गळले आहे. मराठीत ‘१० दिवस द्यावे’ असे लिहिले, तर पाचव्या दिवशी घरी जाणाऱ्या रुग्णाच्या हाती उरलेल्या पाच दिवसांच्या गोळ्या जातील. चाचणीत तसे केलेले नव्हते.

दुसरा मुद्दा, मृत्यू. यात तीन ठिकाणी अर्थ दडलेला आहे. ‘२८ दिवस’ म्हणजे रुग्णाचा चाचणीत समावेश झाल्यापासून २८ दिवसांच्या आत झालेले मृत्यू; ‘२८ दिवसांनंतरचे मृत्यू’ असे लिहिल्यास अर्थ उलटतो. बाण घट दाखवतो, पण कशाच्या तुलनेत घट हे सांगत नाही. ती नेहमीचे उपचार मिळालेल्या गटाच्या तुलनेत आहे : डेक्सामेथासोन मिळालेल्या २,१०४ रुग्णांपैकी २२.९ टक्के, तर फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्या ४,३२१ रुग्णांपैकी २५.७ टक्के रुग्ण दगावले.

कंसातील `MV > O2` हा या स्लाइडवरील सर्वांत धोकादायक तुकडा आहे. तो सुटा वाचला तर ‘प्राणवायूपेक्षा व्हेंटिलेटर चांगला’ असा अर्थ निघतो आणि वैद्यकीय क्षेत्राबाहेरच्या वाचकाला तो पटतोही. वक्त्याला म्हणायचे आहे ते असे की, औषधामुळे मृत्यूंत झालेली घट व्हेंटिलेटरवरील रुग्णांत अधिक होती आणि व्हेंटिलेटर नसलेल्या, केवळ प्राणवायूवरील रुग्णांत त्यापेक्षा कमी होती. तुलना उपचारांची नसून रुग्णांच्या दोन गटांत मिळालेल्या लाभाची आहे. शोधनिबंधातील आकड्यांवरून हे स्पष्ट होते : व्हेंटिलेटरवरील रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्के, तर प्राणवायूवरील रुग्णांत २६.२ टक्क्यांवरून २३.३ टक्के झाले.

इथे आणखी एक सापळा आहे. सादरीकरणांत व्हेंटिलेटरवरील रुग्णांसाठी ‘मृत्यू एक तृतीयांशाने कमी’ असेही लिहिलेले सापडेल. वरचे दोन आकडे वजा केले तर फरक शंभर रुग्णांमागे साधारण १२ जणांचा येतो. दोन्ही विधाने बरोबर आहेत. पहिले, मृत्यू आधीच्या प्रमाणाच्या कितव्या हिश्शाने कमी झाले ते सांगते (आणि त्यात वयाचा फरक हिशेबात धरलेला आहे). दुसरे, शंभरांमागे किती जण जास्त जगले ते सांगते. भाषांतरात ‘१२ टक्क्यांनी घट’ असे लिहिले तर वाचक एकाचा अर्थ दुसऱ्याला लावतो. ‘शंभरांमागे सुमारे १२ मृत्यू कमी’ असे लिहिल्यास घोटाळा होत नाही.

तिसरा मुद्दा, प्राणवायू न लागणारे रुग्ण. सुरुवातीचे दोन शब्द शब्दशः घेतले तर ‘प्राणवायू नाही’ असे होते, आणि आपल्याकडील वाचकाला त्यातून प्राणवायूचा तुटवडा आठवेल. अभिप्रेत आहे ते ‘ज्यांना प्राणवायूची गरज भासली नाही असे रुग्ण’. त्यानंतर `?harm` मधील प्रश्नचिन्ह जपणे ही भाषांतरकाराची जबाबदारी आहे. या गटात औषध मिळालेल्यांत १७.८ टक्के आणि न मिळालेल्यांत १४.० टक्के मृत्यू झाले. दोन्ही गटांतील मृत्युदराचे गुणोत्तर १.१९ आले, पण त्याची विश्वासार्ह मर्यादा ०.९२ ते १.५५ होती. म्हणजे या आकड्यांत थोडा फायदाही बसतो आणि बराच अपायही बसतो. म्हणून ‘अपाय होतो’ हे भाषांतर अतिरेकी ठरेल आणि ‘अपाय होत नाही’ हे चुकीचे ठरेल. ‘फायदा आढळला नाही, अपायाची शक्यता नाकारता येत नाही’ एवढेच म्हणता येते. ‘फायदा नाही’ ऐवजी ‘फायदा आढळला नाही’ ही शब्दयोजनाही याच कारणासाठी ठेवावी.

चौथा मुद्दा, दोन आकडे. `NNT` म्हणजे एक मृत्यू टाळण्यासाठी किती रुग्णांना उपचार द्यावे लागतात ती संख्या. तिच्यापुढची तिरकी रेघ भागाकाराची समजली तर ‘२५ पैकी ८’ असे होते आणि संपूर्ण मुद्दा कोसळतो. रेघ दोन गट वेगळे करते. कोणता आकडा कोणाचा, हे दुसऱ्या मुद्द्यातील क्रमावरून कळते : आधी व्हेंटिलेटर, मग प्राणवायू. जून २०२० च्या घोषणेतही व्हेंटिलेटरवरील सुमारे ८ आणि केवळ प्राणवायूवरील सुमारे २५ रुग्णांमागे एक मृत्यू टळतो असेच म्हटले होते.

मात्र अंतिम शोधनिबंधातील २६.२ आणि २३.३ यांच्या सरळ वजाबाकीवरून हिशेब केला तर २५ ऐवजी ३४ च्या आसपास उत्तर येते. अशा वेळी स्लाइडवरचा आकडा ‘दुरुस्त’ करण्याचा मोह होतो, तो टाळावा. हा फरक वक्त्याने सुरुवातीच्या घोषणेतील आकडा घेतल्याची खूण आहे. भाषांतरात २५ च ठेवावे आणि टिपेत कारणासह तफावत नोंदवावी.

पाचवा मुद्दा, दोन शब्द आणि उद्गारचिन्ह. ‘लवकर नको’ म्हणजे लक्षणे दिसू लागल्यावर पहिल्या काही दिवसांत नको, की आजार सौम्य असताना नको? दोन्ही अर्थांना आधार आहे. चाचणीत लक्षणे सुरू होऊन सात दिवसांहून अधिक काळ झालेल्या रुग्णांत फायदा ठळक दिसला होता. जागतिक आरोग्य संघटनेने २ सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शनात गंभीर व अतिगंभीर रुग्णांना अशी औषधे देण्याची आणि गंभीर नसलेल्यांना न देण्याची भूमिका घेतली होती. तिथे निकष दिवसांचा नव्हता, आजाराच्या तीव्रतेचा होता. चौथ्याच दिवशी प्राणवायू लागलेला रुग्ण पहिल्या अर्थाने औषधापासून वंचित राहील, दुसऱ्या अर्थाने त्याला ते मिळेल. शोधनिबंध वाचून हा प्रश्न सुटत नाही, कारण वक्ता कोणत्या अर्थाने बोलला हे शोधनिबंधात नसते.

४. कशाला कशाचा आधार आहे ते वेगळे ठेवा

मराठी मसुद्यात तीन प्रकारचा मजकूर तयार झालेला असतो : स्लाइडवर प्रत्यक्ष असलेला, मूळ निबंधातून भरलेला आणि आपण तर्काने लावलेला. माझा प्रघात असा की स्लाइडवरचा मजकूर साधा ठेवावा, निबंधातून आणलेला चौकटी कंसात घालावा आणि तर्काने लावलेल्या मजकुराला पिवळा रंग द्यावा. अंतिम प्रतीत पिवळे काहीही उरू देऊ नये. ते एक तर विचारून पक्के करावे किंवा दोन्ही अर्थ देऊन टिपेत न्यावे.

५. वक्त्याला किंवा उपस्थितांना विचारताना

‘या स्लाइडचा अर्थ सांगाल का’ असा प्रश्न विचारल्यास उत्तर बहुधा येत नाही, कारण त्यासाठी वक्त्याला अर्धे भाषण पुन्हा लिहावे लागते. एका शब्दात उत्तर देता येईल असा प्रश्न तयार करावा. उदाहरणार्थ :

‘महोदय, आपल्या स्लाइडवरील शेवटच्या मुद्द्याचा अर्थ (अ) लक्षणे सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या आठवड्यात औषध देऊ नये, की (ब) प्राणवायूची गरज नसताना औषध देऊ नये? कृपया अ किंवा ब कळवावे.’

फोटो काढणाऱ्या व्यक्तीलाही हाच प्रश्न विचारावा, पण तिचे उत्तर ‘उपस्थिताच्या आठवणीनुसार’ अशी नोंद करूनच वापरावे.

६. दोन मजकूर तयार करा : स्लाइड आणि टीप

सगळे स्पष्टीकरण स्लाइडवर कोंबले तर ती वाचली जात नाही, आणि नुसती स्लाइड दिली तर मूळचाच दोष मराठीत उतरतो. म्हणून पडद्यासाठी आटोपशीर मजकूर आणि सोबत अर्ध्या पानाची टीप द्यावी. शेवटच्या मुद्द्याला ‘ब’ असे उत्तर आले आहे असे धरून आपल्या नमुन्याचे मराठी रूप असे होईल :

> कोविड-१९ मध्ये डेक्सामेथासोन : ‘रिकव्हरी’ चाचणीचे निष्कर्ष
> • दिवसातून एकदा ६ मि.ग्रॅ.; [जास्तीत जास्त] १० दिवस [किंवा घरी सोडेपर्यंत, यांपैकी जे आधी असेल ते]
> • २८ दिवसांतील मृत्यू घटले. व्हेंटिलेटरवरील रुग्णांत घट अधिक, केवळ प्राणवायूवरील रुग्णांत त्याहून कमी
> • प्राणवायूची गरज नसलेल्या रुग्णांत फायदा आढळला नाही. अपायाची शक्यता नाकारता येत नाही
> • एक मृत्यू टाळण्यासाठी उपचार द्यावे लागणारे रुग्ण : व्हेंटिलेटरवरील ८, केवळ प्राणवायूवरील २५
> • प्राणवायूची गरज भासण्यापूर्वी देऊ नये

हे रूप मूळ स्लाइडच्या दुपटीहून लांब झाले आहे आणि ते तसेच असू द्यावे. जागा अपुरी पडत असेल तर अक्षरांचा आकार कमी करण्यापेक्षा स्लाइडच्या दोन स्लाइड कराव्यात : पहिलीवर मात्रा आणि कोणाला द्यावे, दुसरीवर मृत्यूंचे आकडे. टिपेत तिसऱ्या पायरीतील आकडे, २५ आणि ३४ मधील तफावत, शेवटच्या मुद्द्याचा अर्थ कोणी पक्का केला हे, आणि निबंधाचा संदर्भ एवढे यावे.

७. पाठवण्यापूर्वीची तपासणी

मूळ स्लाइड न पाहिलेल्या एखाद्या परिचारिकेला किंवा डॉक्टरला फक्त मराठी स्लाइड द्यावी, टीप देऊ नये, आणि तीन रुग्ण सांगावेत : व्हेंटिलेटरवरील एक, लक्षणांच्या चौथ्या दिवशी प्राणवायू लागलेला एक, आणि घरी ताप-खोकला असून प्राणवायूची पातळी चांगली असलेला एक. यांपैकी कोणाला हे औषध मिळेल आणि किती दिवस, असे विचारावे. पहिल्या दोघांना होय, तिसऱ्याला नाही, आणि दिवसांबाबत ‘दहापर्यंत, आधी घरी सोडले तर तेव्हा बंद’ अशी उत्तरे आली तर भाषांतर पाठवायला हरकत नाही. एकही उत्तर चुकले तर ज्या मुद्द्यावरून ते चुकले तो मुद्दा पुन्हा लिहावा. वाचणाऱ्याला तोंडी समजावून पुढे जाऊ नये, कारण ही स्लाइड पुढे जिथे जाईल तिथे समजावणारे कोणी नसेल.

अंतिम फाइलसोबत मूळ फोटो, उतरवून काढलेला इंग्रजी मजकूर आणि वक्त्याचे उत्तर एकाच फोल्डरमध्ये ठेवावे. मार्गदर्शक सूचना बदलल्या किंवा कोणी आकड्याबद्दल विचारले, तर कोणता शब्द कुठून आला हे त्यावरून लगेच दाखवता येते.